वाक्प्रचार पाठ आहेत, तरी फोटोतल्या पेपरात उत्तर चुकतं: कुठे तपासायचं?

तक्रार ठरलेली असते. ‘सर, वाक्प्रचारांची अख्खी यादी पाठ आहे, म्हणी तोंडपाठ आहेत, पण ग्रुपवर आलेल्या जुन्या पेपरातले प्रश्न सोडवले की दहातले तीन-चार हमखास जातात.’ तलाठी भरती असो, पोलीस भरती असो, नाहीतर शिष्यवृत्ती परीक्षा, रडगाणं एकच. आणि चुकलेले प्रश्न एकत्र मांडून पाहिले तर यादीतली एखादी म्हण माहीत नव्हती असं क्वचितच दिसतं. म्हण माहीत असते, पण प्रश्न नीट वाचलेला नसतो. फोटोवरून सोडवताना तर दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात: अक्षर चुकीचं दिसणं आणि अर्थ चुकीचा लावणं. कुठली चूक कुठली हे आधी वेगळं करायला हवं, कारण दोन्हींचे उपाय निराळे आहेत.

अर्थाची चूक जास्त होते, म्हणून तिच्यापासून सुरू करतो.

एक नमुना घ्या. असे प्रश्न सर्रास येतात:

‘परगावी गेलेल्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आईचा पहाटे पहाटे डोळा लागला.’ अधोरेखित वाक्प्रचाराचा अर्थ निवडा.
(१) वाट पाहणे (२) डोळे दुखू लागणे (३) झोप लागणे (४) दृष्ट लागणे

घाईत वाचणारा ‘डोळे’, ‘लागणे’, ‘वाट’ हे शब्द टिपतो आणि पर्याय एकवर खूण करून मोकळा होतो. पेपर काढणाऱ्याला तेच हवं असतं. त्याने एकाच वाक्यात दोन वाक्प्रचार ठेवलेत आणि एकाचा अर्थ दुसऱ्यासाठी सापळा म्हणून लावलाय. ‘डोळे लावून बसणे’ म्हणजे आतुरतेने वाट पाहणे, हे खरंच आहे. पण अधोरेखन ‘डोळा लागला’ या शब्दांखाली असेल, तर उत्तर झोप लागणे. बाकीचे दोन पर्याय भरतीचे: दुसरा शब्दशः अर्थ घेणाऱ्यासाठी, चौथा ‘दृष्ट’ आणि ‘डोळा’ यांची सांगड घालणाऱ्यासाठी.

आता फोटोत काय होतं ते बघा. अधोरेखन बारीक असतं, फोनने पान उजळवताना ते पुसट होतं, किंवा वाक्य दोन ओळींत मोडलेलं असतं आणि वरची ओळ कापली जाते. मग सोडवणारा अख्ख्या वाक्याचाच अर्थ विचारलाय असं समजतो. म्हणून पहिलं काम: अधोरेखन नेमक्या कुठल्या शब्दाखाली सुरू होतं आणि कुठे संपतं, हे फोटो मोठा करून पाहायचं. ते दिसत नसेल तर उत्तर शोधत बसू नका, फोटो पुन्हा मागवा. अधोरेखनाशिवाय हा प्रश्न अपुरा आहे. रेघ ‘डोळे लावून’ खाली असती तर पहिला पर्याय बरोबर ठरला असता.

दुसरं काम पर्याय झाकून करायचं. बोटाने किंवा कागदाने चारही पर्याय झाका आणि वाक्यात घडलंय काय ते स्वतःच्या शब्दांत म्हणा. आई रात्रभर जागी होती. पहाटे काहीतरी झालं. ‘पहाटे पहाटे’ म्हटलंय, म्हणजे रात्र संपत आल्यावरची घटना. वाट पाहणं तर रात्रभर चालूच होतं, ते पहाटे नव्याने कसं घडेल? म्हणजे झोपच. एवढं ठरल्यावर पर्याय उघडले तर तिसरा आपोआप दिसतो. पर्याय आधी वाचले की डोकं त्यांच्याच मागे जातं आणि वाक्य बाजूला पडतं.

तिसरं काम म्हणजे निवडलेला अर्थ वाक्यात घालून वाचणं. ‘आईला पहाटे पहाटे झोप लागली.’ बसलं. ‘आईची पहाटे पहाटे वाट पाहिली’ कुठेच बसत नाही. हे दोन सेकंदांचं काम आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं.

यातून आणखी एक गोष्ट हाती लागते, ती म्हणजे एकवचन-अनेकवचन. ‘डोळा लागणे’ झोपेचं, ‘डोळे लागणे’ प्रतीक्षेचं. फरक एका काना-मात्रेचा. असाच फरक शब्दाला लागलेल्या प्रत्ययातही असतो, आणि वाक्प्रचाराचे प्रश्न सोडवताना मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो हाच आधार. वाक्प्रचार यादीत पाठ करताना आपण ‘पाणी सोडणे’ एवढंच पाठ करतो. वाक्यात मात्र तो कुठल्या तरी शब्दाला टेकून येतो, आणि तो टेकू अर्थ सांगून जातो.

‘पाणी’ घ्या. ‘त्याने वडिलोपार्जित हिश्शावर पाणी सोडलं’ यात त्याने आपणहून हक्क सोडला. ‘त्याच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडलं’ यात त्याची मेहनत वाया गेली, त्याच्या मर्जीने नाही. दोन्हीकडे ‘-वर’ आहे, पण एकीकडे कर्ता माणूस आहे, दुसरीकडे पाणीच. पर्यायांत ‘आशा सोडणे’ आणि ‘वाया जाणे’ शेजारी शेजारी दिले की विद्यार्थी गडबडतो. कर्ता कोण एवढं विचारलं की गोंधळ मिटतो. ‘अंतिम सामन्यात नवख्या संघाने विजेत्यांना पाणी पाजलं’ इथे ‘-ना’ आलं, म्हणजे कुणाला तरी काहीतरी केलंय, आणि सामना आहे म्हटल्यावर पराभव करणे. ‘या व्यवहारात कुठेतरी पाणी मुरतंय’ इथे कुणालाच काही नाही, नुसतं ‘व्यवहारात’. म्हणजे आत काहीतरी लपलंय, गडबड आहे. आणि ‘शेताला पाणी सोडलं’ हा वाक्प्रचारच नाही, ते खरोखरचं पाणी आहे. असं साधं वाक्य पर्यायांत घालून ‘पुढीलपैकी कोणत्या वाक्यात वाक्प्रचाराचा उपयोग केलेला नाही’ असं विचारतात, तेव्हा शब्दशः अर्थच बरोबर असतो! ‘लाक्षणिक अर्थ नेहमी बरोबर’ असा नियम करून बसलेले तिथे आपटतात.

प्रत्ययावर डोळे मिटून विसंबूनही चालत नाही. ‘पाहुण्यांनी जेवणावर चांगलाच हात मारला’ आणि ‘नोकराने गल्ल्यावर हात मारला’. प्रत्यय तोच, क्रियापद तेच, कर्ता दोन्हीकडे माणूस. अर्थ मात्र एकीकडे ताव मारणे, दुसरीकडे चोरी करणे. इथे निकाल लागतो तो ‘-वर’च्या आधीच्या नामावर. म्हणजे क्रम असा ठेवा: आधी कर्ता, मग प्रत्यय, आणि तरीही दोन अर्थ उरले तर ज्याला प्रत्यय लागलाय ती वस्तू कोणती. बहुतेक प्रश्न पहिल्या दोन पायऱ्यांतच सुटतात.

‘पोटात’चं जरा वेगळं आहे. ‘एवढी चूक पोटात घाला’ म्हणजे क्षमा करा. ‘ही गोष्ट पोटातच ठेव’ म्हणजे कुणाला सांगू नकोस. फरक पूर्णपणे शेवटच्या क्रियापदात आहे, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे फोटोची उजवी कड कापली गेली की नेमकं तेच जातं. ‘पोटात’ एवढंच दिसलं तर आधीच्या नामाकडे बघायचं. चूक, अपराध, गुन्हा असेल तर ‘घालणे’कडे कल. गुपित, बातमी, गोष्ट असेल तर ‘ठेवणे’कडे. पण हा अंदाज आहे, वाचन नाही. खात्री हवी असेल तर कड पूर्ण दिसणारा फोटो मागवाच.

आता अक्षरांकडे येऊ.

फोटोत सगळ्यात जास्त घोळ अनुस्वार घालतो. ‘तोड’ आणि ‘तोंड’. ‘तिच्या गायनाला तोड नाही’ म्हणजे तिच्यासारखं कुणी नाही, अतुलनीय. ‘इतकं झाल्यावर त्याला बोलायला तोंड नाही’ म्हणजे बोलण्याचा अधिकार उरला नाही, लाज वाटावी अशी स्थिती. पान पातळ असेल तर मागच्या बाजूची छपाई उमटते आणि पहिल्या वाक्यातल्या ‘तोड’वर ठिपका दिसू लागतो. उलट, फ्लॅशची चकाकी नेमकी शिरोरेषेवर पडली की दुसऱ्या वाक्यातला खरा अनुस्वार गायब होतो. ठिपका खरा की खोटा हे पाहायचं असेल तर त्याच ओळीतला, ज्याबद्दल शंकाच नाही असा एखादा अनुस्वार शोधा. ठिपक्याचा आकार, गडदपणा आणि शिरोरेषेपासूनचं अंतर जुळतं का ते पाहा. छापलेले अनुस्वार एका मापाचे असतात, उमटलेला डाग पसरट आणि फिका असतो. आणि पुन्हा वाक्याकडे वळा: ‘गायनाला’ हे नाम आहे, त्याला ‘-ला’ लागलाय. ‘बोलायला’ हे क्रियापदापासून आलंय. नामाला ‘-ला’ लागून पुढे नकार असेल तर ‘तोड’, ‘-आयला’ असेल तर ‘तोंड’. ठिपका दिसो न दिसो, वाक्य सांगतं.

मात्र प्रत्येक ठिपक्याने अर्थ बदलतो असं नाही. ‘डोळ्यात अंजन घालणे’ आणि ‘डोळ्यांत अंजन घालणे’ यांत अर्थ तोच, चूक लक्षात आणून देणे. अनुस्वार फक्त अनेकवचन दाखवतो. जुन्या छपाईत ‘नांव’, ‘पांच’ असेही ठिपके सापडतील. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे असे अनुस्वार काढून टाकले. त्यामुळे जुन्या संचाचा फोटो असेल तर ठिपक्यांवरून दचकू नका.

दुसरा घोळ ‘घ’ आणि ‘ध’चा. ‘घ’ची शिरोरेषा सलग, ‘ध’च्या डोक्यावर ती तुटलेली. झेरॉक्सच्या झेरॉक्सचा फोटो असला की शाई पसरून ती फट बुजते, नाहीतर शाई उडून सलग शिरोरेषेतही फट दिसते. मग ‘अखेर त्याच्या पापांचा घडा भरला’ हे कुणी ‘धडा’ वाचतं आणि ‘शिकवण मिळणे’ हा पर्याय निवडतं. खरं तर ‘भरला’ हे क्रियापद तिथेच हजर आहे. धडा भरत नाही, धडा घेतात, शिकवतात, मिळतो. ‘भ’ आणि ‘म’चंही असंच होतं, त्यावर वेगळं काही सांगायला नको.

तिसरा घोळ मला मजेशीर वाटतो, कारण तो पेपरच करतो. अधोरेखनाची रेघ शब्दाच्या अगदी जवळून गेली की खालचा उकार तिच्यात मिसळून जातो. ‘दोघांची मनं जुळली’ हे ‘जळली’ दिसतं आणि प्रेमाच्या जागी द्वेषाचा पर्याय निवडला जातो. म्हणून अधोरेखित शब्दात उकार, ऋकार किंवा पायमोडकं अक्षर असू शकतं हे धरूनच वाचायचं. त्याच शब्दाला दोन्ही रूपांत वाक्यात बसवून पाहा. ‘पहिल्याच भेटीत दोघांची मनं जळली’ हे वाक्य कोण लिहील?

फोटो कसा काढावा याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पान सपाट, फोन पानाला समांतर, उजेड बाजूने, फ्लॅश बंद. पण एक गोष्ट लोक हमखास विसरतात: प्रश्नाच्या वरची सूचना फोटोत येऊ द्या. ‘योग्य अर्थ निवडा’ आणि ‘अयोग्य जोडी ओळखा’ यांत उत्तर पूर्ण उलटतं, आणि ही सूचना बऱ्याचदा चार-पाच प्रश्नांना मिळून एकदाच, वरच्या कोपऱ्यात दिलेली असते. तसंच ‘प्र. १४ ते १७ साठी उतारा’ असं असेल तर उतारा आधीच्या पानावर असतो. उताऱ्यातल्या वाक्प्रचाराचा अर्थ उतारा न बघता सांगू नये. आणि हो, पेपरावर आधीच कुणी पेन्सिलने बरोबरची खूण केलेली असेल तर ती एखाद्या परीक्षार्थीची आहे, उत्तरतालिकेची नाही.

म्हणींचं तंत्र थोडं निराळं पडतं. वाक्प्रचार वाक्यात विरघळतो, त्याला प्रत्यय लागतात, काळ लागतो. म्हण जशीच्या तशी येते, म्हणून प्रत्ययाचा आधार तिथे कामी येत नाही. तिथे प्रसंग वाचावा लागतो, आणि पेपर काढणारे चुरशीचे प्रश्न काढतात ते एकाच घराण्यातल्या म्हणी शेजारी ठेवून. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त गुण खाणारं त्रिकूट हे आहे:

आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.
आयत्या बिळावर नागोबा.
ज्याच्या हाती ससा तो पारधी.

तिन्हींचा अर्थ बहुतेक जण ‘कष्ट एकाचे, फायदा दुसऱ्याचा’ असा एका ओळीत पाठ करतात. अर्थ चूक नाही, पण तिन्हींना लागू पडतो म्हणून निरुपयोगी आहे. आता एकच प्रसंग तीन प्रकारे मांडून पाहू.

चार मुलांनी महिनाभर राबून विज्ञान प्रकल्प तयार केला. सादरीकरणाच्या दिवशी तो हातात घेऊन पाचवा मंचावर उभा राहिला, आणि बघणारे सगळे म्हणाले, ‘काय हुशार मुलगा आहे!’ इथे भर श्रेयावर आहे. वस्तू ज्याच्या हातात दिसली, कर्तृत्व त्याचं ठरलं. म्हण: ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आता तेच चौघे, तोच प्रकल्प. सगळं तयार झाल्यावर पाचवा आला आणि गटप्रमुख म्हणून खुर्चीत बसला. बाहेरच्यांना काय वाटलं हा मुद्दाच नाही. दुसऱ्याने उभं केलेलं त्याने आयतं बळकावलं. म्हण: आयत्या बिळावर नागोबा.

तिसरी मांडणी. चौघे मान खाली घालून काम करत राहिले, साहित्याच्या पैशांचा हिशेब कुणीच ठेवला नाही, आणि पाचवा तेवढ्यात थोडे थोडे पैसे खिशात घालत राहिला. इथे राबणाऱ्यांचं दुर्लक्षही गोष्टीचा भाग आहे. दळणाऱ्याला दिसत नाही म्हणून कुत्र्याचं फावतं. म्हण: आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.

म्हणजे प्रसंग वाचताना विचारायचं ते हे: लेखकाने कशावर जोर दिलाय? श्रेयावर, बळकावण्यावर, की गाफीलपणावर? तो जोर बहुधा प्रसंगाच्या शेवटच्या वाक्यात असतो, आणि फोटोत प्रसंग दोन स्तंभांत मोडला असेल तर शेवटचं वाक्य उजव्या स्तंभाच्या वर गेलेलं असतं. डावा स्तंभ संपला म्हणजे प्रसंग संपला असं समजून तिन्ही म्हणींत नाणं उडवू नका.

म्हणीचा अर्थ विचारला असेल तर शब्दशः पर्याय ओळखणं सोपं असतं. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ला ‘कमी खोलीच्या पाण्याचा आवाज जास्त येतो’ हा पर्याय असतोच, त्याला सहसा कुणी फसत नाही. फसवतो तो अर्धा अर्थ. ‘ज्ञान कमी असणे’ आणि ‘अंगी थोडे गुण असणारा बढाई फार मारतो’ असे दोन पर्याय असतील तर पहिल्यात म्हणीचा अर्धाच भाग आलाय. म्हणीला दोन टोकं असतात. इथे उथळपणा हे एक आणि खळखळाट हे दुसरं. दोन्ही टोकं ज्यात सापडतात तो पर्याय घ्यायचा.

इतकं करूनही काही प्रश्न सुटत नाहीत, कारण प्रश्नच सैल असतो. ‘हात मारणे’ एवढंच देऊन, वाक्य न देता, पर्यायांत ‘ताव मारणे’ आणि ‘चोरी करणे’ दोन्ही ठेवले तर संदर्भावर निवडायला संदर्भच नाही. ‘आपला हात जगन्नाथ’चंही तसंच. कुणी ती स्वावलंबनासाठी वापरतं, तर कुणी वाटप आपल्याच हातात असताना स्वतःला भरपूर वाढून घेण्यासाठी. अशा वेळी पाठ्यपुस्तकात जो अर्थ छापलाय तो निवडून पुढे जावं. खऱ्या परीक्षेत असा प्रश्न आला आणि प्रथम उत्तरतालिका लागल्यावर हरकतीची मुदत दिलेली असेल, तर हरकत घ्यावी. सोबत नुसतं ‘दोन्ही अर्थ होतात’ असं न लिहिता छापील आधार जोडावा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश अशा वेळी उपयोगी पडतो. ज्या पानावर तो वाक्प्रचार आहे त्या पानाचा आणि मुखपृष्ठाचा, दोन्हींचा स्वच्छ फोटो काढा, आणि कड कापली गेली नाही ना ते पाठवण्याआधी बघून घ्या.